लिहिता येत नाही ना? मग बाण काढ

*ताई, मी डोंबिवलीची, वय ४१, फोर्टात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. आई गेल्या वर्षी गेली आणि तिचं काहीच मी लिहून ठेवलं नाही याची फार चुटपुट लागते. आता सासूबाई गुहागरकडच्या त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगतात, त्याही मी दोन दिवसांत विसरते. डायरी तीनदा आणली, पण "आज ऑफिसला गेले, गर्दी होती, घरी आले" याच्या पुढे गाडी जात नाही. शाळेत निबंधावर लाल शेरे असायचे, ऱ्हस्व-दीर्घ अजून कळत नाही. मैत्रीण म्हणाली स्केच जर्नल कर, थोडी चित्रं थोडं लिखाण. पण मला चित्रही येत नाही, एलिमेंटरीला सुद्धा बसले नव्हते. ऑनलाइन बघितलं तर लोकांची पानं इतकी सुंदर की मी वहीच मिटून ठेवली. माझ्यासारखीला हे जमेल का?*
*— अडलेली, डोंबिवली*

अगं, जमेल. कुठून सुरू करायचं ते आधी सांगते, बाकीचं मागून. आज रात्री जेवणं आटोपली की घरातली एक वस्तू समोर घे, रोजच्या वापरातली आणि जिला काहीतरी झालंय अशी. टवका उडालेला कप, दांडा सैल झालेली कढई, अंगठा तुटून शिवून आणलेली चप्पल, काहीही. कोरी करकरीत वस्तू नको, तिच्याबद्दल सांगायला अजून काही साठलेलं नसतं. मग देवापाशी असते ती काडेपेटी आण, वहीच्या पानाच्या साधारण मधोमध ठेव आणि तिच्या कडेकडेने पेन फिरव. झाली चौकट. चित्र या चौकटीत काढायचं, बाहेर नाही.

काडेपेटीच का, तर एवढ्याशा जागेत चित्र तीन मिनिटांत संपतं. शेडिंग वगैरे करायला जागाच उरत नाही, त्यामुळे आपलं चांगलं आलंय की वाईट हा विचार मनात यायच्या आत काम झालेलं असतं. आणि दुसरं, चौकटीच्या चारी बाजूंना पान रिकामं राहतं, तुझं लिखाण तिथे होणार आहे.

चित्र काढताना एकच गोष्ट पाळ, कागदाकडे कमी बघ आणि वस्तूकडे जास्त. कपाची एक जागा धर, समज कानाचा वरचा सांधा, तिथे नजर ठेव आणि तिथूनच पेन ठेव. आता कडेवरून मुंगी चालतेय असं समजून नजर हळूहळू पुढे ने आणि पेन त्याच वेगाने चालू दे. घाई झाली की हात डोळ्याचं ऐकत नाही, लहानपणी पाठ झालेला कप काढून मोकळा होतो, आणि तो कप कुणाचाच नसतो. हळू गेलीस की रेघ वाकडी येईल पण तो टवका बरोबर त्याच्या जागी येईल. रेघ चुकली तर खोडू नकोस, शेजारून दुसरी काढ. दोन रेघा दिसल्या तरी डोळा बरोबर हवी ती रेघ उचलतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं इथे काही अडत नाही, तिथे आपल्याला ठरलेल्या वेळात पूर्ण, नीटनेटकं चित्र द्यायचं असतं, इथे फक्त ही वस्तू तीच आहे एवढं ओळखू आलं की बास.

आता बाण. हे मी जरा सावकाश सांगणार आहे कारण तुझं अडलेलं इथेच सुटेल असं मला मनापासून वाटतं.

चित्रातल्या एकेका भागापासून चौकटीच्या बाहेर बाण काढायचा आणि बाणाच्या टोकाला दोन-चार शब्द लिहायचे. वाक्य नाही लिहायचं, शाळेत विज्ञानाच्या वहीत आपण फुलाच्या आकृतीला नावं द्यायचो ना, तसं. त्याला कधी कुणी निबंध म्हटलं नाही आणि त्याची भीतीही कुणाला वाटली नाही. फक्त इथे एक नियम आहे, चित्रात जे दिसतंय ते लिहायचं नाही. कपाच्या कानाकडे बाण काढून "कान" लिहिलंस तर तो बाण फुकट गेला. चित्राला जे दाखवता येत नाही ते लिहायचं, म्हणजे आवाज, वास, वजन, किंमत, कुणी दिला, कधी तुटला, आधी कसा होता, कोण काय म्हणालं.

माझ्या वहीतलं एक पान सांगते म्हणजे कळेल. आईची विळी होती, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. मी तिचं असंच काडेपेटीएवढं चित्र काढलं, पाट, वर आलेलं पातं, टोकाला खवणी. पहिला बाण खवणीकडे, लिहिलं "दोन दात गेलेत, खोबरं एका बाजूने जाडं पडतं." दुसरा पाटाकडे, "इथे गुळगुळीत, आईचा पाय." तिसरा पात्याकडे काढला आणि अडकले. पातं अरुंद आहे हे तर चित्रातच दिसत होतं, मग लिहायचं काय? तेव्हा सुचलं की हे आधी असं नव्हतं. म्हणून पात्याच्या बाहेरून तुटक-तुटक रेघ काढली, मला लहानपणचं आठवत होतं तेवढं रुंद, आणि त्या तुटक रेघेला बाण काढून लिहिलं "एवढं होतं. धारवाल्याने खाल्लं." मग त्या धारवाल्याची सायकल आठवली, स्टँडवर लावून पायडल मारत बसायचा ते, ठिणग्या, आणि आई वरून गॅलरीतून ओरडायची ते, "जास्त घासू नको रे, पातं संपवशील!" हे आईचं वाक्य मी जसंच्या तसं खाली लिहून ठेवलं. पूर्ण पानावर मिळून वीसेक शब्द असतील. पण ती विळी मी ज्या कुणाला दिली असती आणि हे पान दिलं नसतं तर त्यांच्याकडे फक्त एक झिजलेली विळी गेली असती.

बघ, यात मी लिहायला बसलेच नव्हते. बाणाला उत्तर देत होते. रिकाम्या पानापुढे बसलं की डोकं "कशाबद्दल लिहू" यात अडकतं, बाण काढला की प्रश्न एवढुसाच उरतो, "याचं काय झालं?" आणि त्याचं उत्तर तोंडी द्यायला तुला कधीच अडचण आली नसणार. तसंच लिही, बोलतेस तसं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकू दे, ही वही तपासायला कुणाकडे जाणार नाहीये. उलट ऐकलेलं वाक्य शुद्ध करायला गेलीस की त्यातला माणूस निघून जातो, सासूबाई "न्हाणी" म्हणत असतील तर बाथरूम लिहू नकोस आणि त्यांचा हेल अक्षरात जेवढा येईल तेवढा येऊ दे.

आठवडाभर फक्त एवढंच कर, चौकट, चित्र, तीन बाण. दहा मिनिटांच्या वर बसू नकोस. तीनच बाण, पाच नाहीत, कारण तिसरा बाण हमखास अडतो आणि कामाचं तिथेच निघतं, पहिले दोन आपण सवयीने लिहून जातो.

दुसऱ्या आठवड्यात यादी घे. यादी तुला सगळ्यात सोपी जाईल, दिवसभर तेच करतेस. फक्त ती कामांची यादी नको, ती जर्नलमध्ये घुसली की वहीचं कॅलेंडर होतं आणि मग अर्धवट राहिलेल्या कामांच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणून आपण वहीच उघडत नाही. जर्नलची यादी म्हणजे मोजणी. एकच ठिकाण, एकच प्रकारची गोष्ट, आणि दिसेल तेवढं सगळं. तू लिहिलंयस ना "गर्दी होती", ते रोजच असतं, म्हणून ते लिहून काही उरत नाही. त्याऐवजी ठरव की आज डब्यात बायकांच्या मांडीवर काय काय आहे तेवढंच बघायचं. मी एकदा दादरहून ठाण्याला जाताना केलेली यादी ही अशी होती: सोललेल्या मटारची पिशवी, सालांची वेगळी पिशवी, पोथी, बंद पडलेला छोटा पंखा, ऑफिसची फाइल आणि तिच्यावर डोकं ठेवून झोपलेली तिची मालकीण, कानातल्यांचा पुठ्ठा (विकणारी दोन मिनिटं टेकली होती), दुसऱ्याच बाईच्या मुलाचं डोकं.

आता यादी झाली की ती एकदा वाच आणि यात कोण वेगळं बसलंय ते शोध. माझ्या यादीत ते शेवटचं होतं. मुलाची आई दाराशी उभी होती, तिला बसायला जागा नव्हती, म्हणून ज्या बाईला जागा होती तिने ते पोरगं मांडीवर घेतलं होतं. त्या वेगळ्या नगाभोवती गोल कर आणि त्याच्यावर एक ओळ लिही. मी लिहिलं होतं, "दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पोरगं घाटकोपर ते मुलुंड झोपलं." झालं. ही ओळ मी सुचवून आणली नाही, सहा साध्या वस्तूंच्या शेजारी सातवी उठून दिसली म्हणून आली. नुसतं "आज ट्रेनमध्ये माणुसकी बघितली" असं लिहिलं असतं तर वर्षाने वाचताना मला त्यातलं काहीच दिसलं नसतं.

ओळ लिहिताना छान, मस्त, सुंदर, वाईट वाटलं असले शब्द आले तर थांब आणि स्वतःला विचार, कशामुळे? जे उत्तर येईल ते लिही आणि तो शब्द काढून टाक. आणि "आज" ने सुरुवात करू नकोस, तारीख वर कोपऱ्यात टाकलेली असतेच. "आज" लिहिलं की पुढे "ऑफिसला गेले" आपोआप येतं, तुझ्या तिन्ही डायऱ्या तिथेच अडकल्या असणार.

ट्रेनमधे चित्र काढायचं असेल तर गाडी धावताना रेघेच्या मागे लागू नकोस, स्टेशनात थांबते तेवढ्या वेळात काढ आणि चालू गाडीत शब्द लिही. माणसं हलतात, म्हणून झोपलेली बघ, नाहीतर पाठमोरी, हात, पिशव्या, पाय. कुणी उठून गेलं तर चित्र अर्धं सोड आणि शेजारी दुसरं सुरू कर, अर्ध्या चित्राला बाण काढून "कुर्ल्याला उतरली" लिहिलंस की ते पूर्ण झालं. चेहरे मात्र काढू नकोस आणि फोटो तर नकोच, बायकांच्या डब्यात कुणालाही आपल्याकडे टक लावून बघितलेलं आवडत नाही आणि ते बरोबरच आहे. हात आणि मांडीवरच्या वस्तू पुरतात, खरं तर जास्तच सांगतात.

सामानाचं थोडक्यात. ए५ मापाची, बिनरेघी, जरा जाड कागदाची वही घे, १०० जीएसएमच्या वर असेल तर बरं, शाळेच्या वहीचा कागद याच्या जेमतेम अर्धा असतो आणि पेन मागच्या पानावर दिसतं. रेघा असलेली वही नको, रेघा दिसल्या की निबंध आठवतो. पेन साधं बॉलपेन. जेल पेन छान चालतं पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमट हवेत ते लवकर वाळत नाही, तळव्याला लागून पसरतं, आणि तेवढ्यात छत्रीचं पाणी पडलं तर पान गेलंच. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाणी पडलं तरी तिथेच राहते, आणि हलक्या हाताने फिक्की, दाबून गडद अशी एकाच पेनात दोन्ही रेघ मिळते. तू फोर्टातच असतेस तर कधीतरी अब्दुल रहमान स्ट्रीटला चक्कर मार, वह्या स्वस्त मिळतील, पण एकच घे. सहा वह्या आणि छत्तीस रंगांचे पेन घरी आले की त्यांना न्याय देणारं पान काढायचं दडपण येतं. पहिलं पान कोरं सोड, दुसऱ्यापासून सुरू कर.

ज्या सुंदर पानांनी तुला घाबरवलं ती वाईट नाहीत, पण त्यांचं काम वेगळं आहे. त्यातली बरीच दाखवण्यासाठी केलेली असतात, आधी पेन्सिलने आखून, वर शीर्षक सजवून, चिकटपट्ट्या लावून, एकेका पानाला तास-दोन तास देऊन. तुला एवढा वेळ नाही आणि तुझं काम आठवण धरून ठेवायचं आहे. जागेवर बसून समोरचं काढणाऱ्यांची पानं बघायचीच असतील तर अर्बन स्केचर्सची बघ, गॅब्रिएल कॅम्पानारिओ नावाच्या सिएटलमधल्या पत्रकार-चित्रकाराने २००७ साली हे सुरू केलं आणि आता मुंबईतही त्यांची माणसं एकत्र जमून काढतात. त्यांचा पहिलाच नियम आहे की जागेवर बसून, बघून काढायचं. त्यांच्या पानांवर वाकड्या रेघा, अर्धवट राहिलेल्या खिडक्या आणि चहाचे डाग सापडतील, ते बघून तुला धीर येईल.

आपलं पान बरोबर चाललंय का हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. आठवड्याने जुनं पान उघड आणि चित्रावर हात ठेवून फक्त शब्द वाच. शब्द चित्राचंच वर्णन करत असतील तर बाण फुकट गेलेत, पुढच्या पानाला तो नियम परत आठव. मग शब्दांवर हात ठेवून चित्र बघ, कुणाच्याही घरातला कप वाटत असेल तर तू वस्तूकडे कमी आणि कागदाकडे जास्त बघितलंयस. आणि दोन्ही नीट असूनही तो दिवस कुठला ते आठवत नसेल तर पानावर कुणाचा आवाज नाही, एखादं ऐकलेलं वाक्य हवं होतं. रात्री फोनमधल्या फोटोवरून काढलेल्या पानांचं असं फार होतं. फोटोत वास नसतो आणि घाईही नसते, त्यामुळे बाणाला लिहायला काही सुचत नाही. एखाद दिवशी नाइलाज असतो, काढ, पण सवय लावू नकोस.

हे तीन-चार आठवडे हाताखालून गेले की मग सासूबाईंकडे वळ. आधी नको, कारण त्यांच्यापुढे बसल्यावर तुझं लक्ष पेनाकडे असायला नको. आणि त्यांना "गोष्ट सांगा" असं म्हणूच नकोस, वही-पेन घेऊन कुणी समोर बसलं की म्हातारी माणसं एकतर सावध होतात नाहीतर भाषण देतात. त्यांच्या शेजारी बस, समोर नाही, आणि त्यांच्या माहेरच्या घराचा नकाशा काढायला लाग. हा एकच काडेपेटीत मावणार नाही, याला दोन पानं आडवी घे. इंजिनियरचा प्लॅन नको, नुसते चौकोन. पायऱ्या कुठे, पडवी कुठे, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी, विहीर, गोठा. तुला जे माहीत आहे ते काढ आणि चुकीचं काढ, विहीर मुद्दाम पुढच्या दारी दाखव. त्या गप्प बसणार नाहीत. "अगो, विहीर मागे, फणसाखाली" म्हणतील, तू काट मारून मागे काढ आणि बाण काढून तेच शब्द लिही. मग फक्त एवढंच विचार, रात्री कोण कुठे झोपायचं? एकेका चौकोनात माणसांची नावं येतील, कुणी पडवीत, कुणी माजघरात, आजारी माणूस कुठे, बाळंतीण कुठे, पाहुणे आले की कुणाची जागा जायची. कोनाड्याला बाण, झोपाळ्याला बाण, ज्या दारातून मुलींना जायची परवानगी नव्हती त्या दाराला बाण.

एका बसणीला एकच खोली घे. त्या दमतात, आणि उद्या काय सांगायचं ते रात्री त्यांना आठवत राहतं. दुसऱ्या दिवशी नकाशा त्यांच्या हातात दे, पेन पण दे. थरथरत का होईना, त्या स्वतः रेघ मारून दुरुस्ती करतील, ती रेघ गिरवू नकोस, तशीच ठेव आणि शेजारी तारीख घाल.

आणि आईची एखादी वस्तू तुझ्याकडे असेल ना, डबा, साडी, चष्म्याची केस, तर तिच्यासाठीही एक चौकट काढ. तुला वाटतं तसं ते सगळं गेलेलं नाही. फक्त तिथे तीन बाणांवर थांबायचं बंधन नाही.